आमची वाटचाल : दोन दिवसांत संपणारे तिकीट

आमची सॉफ्टवेअर कंपनी लहान असल्यामुळे सुरुवातीच्या काळात कामाचे तिकीट, म्हणजे कामांच्या बोर्डावरची एक नोंद, ही ग्राहकाने मागितलेली अख्खी सोयच असे. ‘ग्राहकांची यादी सीएसव्ही फाइलमधून आयात करणे’ हे त्यातलेच एक. बोर्डावर ते ‘चालू’ या रकान्यात गेले, की कित्येक आठवडे तिथून हलत नसे आणि रोजच्या बैठकीत ‘जवळजवळ झालेच आहे’ एवढेच कानावर येई. ते खोटे नसे. पण उरलेल्या भागात नेमके काय दडले आहे, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसे. दरम्यान त्या कामाची ब्रँच, म्हणजे कोडची वेगळी प्रत, मुख्य कोडपासून दूर जाई, मर्ज करताना कॉन्फ्लिक्ट निघत, आणि शेवटी हजारो ओळींचा बदल एकदम समोर आल्यावर रिव्ह्यू करणारा नावांच्या स्पेलिंगवर दोन शेरे मारून मंजुरी देई. माझ्या मते, उशिरापेक्षा हे नुकसान मोठे होते.

पुढे तिकीट एका-दोन दिवसांत संपेल एवढेच ठेवायचे ठरले, तेव्हा आधी डेटाबेस, मग सर्व्हर, मग स्क्रीन अशी विभागणी सुचली. तिकिटे लहान झाली खरी, पण तिन्ही पूर्ण होईपर्यंत वापरून पाहण्याजोगे काहीच हाती लागेना. म्हणून आयातीचे काम आम्ही उभे कापले, म्हणजे प्रत्येक तुकडा डेटाबेसपासून स्क्रीनपर्यंत पूर्ण आणि वापरून पाहण्याजोगा ठेवला. पहिल्या तिकिटात ठरलेल्या स्तंभांची छोटी, बिनचूक फाइल घेऊन नोंदी साठवायच्या आणि एकही ओळ चुकीची असली तर सगळी फाइल नाकारायची. दुसऱ्यात चूक कोणत्या ओळीत आहे ते दाखवायचे. तिसऱ्यात तोच मोबाइल क्रमांक आधीपासून असेल तर नवी नोंद न करता जुनीच अद्ययावत करायची. चौथ्यात मोठ्या फाइलचे काम पार्श्वभूमीत चालवायचे. स्तंभांची जुळवणी वापरकर्त्यानेच करण्याची सोय पाचवी होती. पहिल्या दोन तिकिटांचे काम हाताळून पाहिल्यावर, नमुना फाइल दिली तर ही पाचवी सोय लागणारच नाही, असे ग्राहकाने स्वतःच सांगितले. एकाच मोठ्या तिकिटात ती निमूटपणे बांधली गेली असती.

शीर्षकात ‘आणि’ आला, की आता आम्ही तिकीट पुन्हा उघडून पाहतो. तिसऱ्या दिवशीही ते त्याच रकान्यात असेल, तर करणाऱ्याला जाब न विचारता दुसरा एक जण त्याच्या शेजारी बसतो आणि उरलेल्या कामाचे वेगळे तिकीट काढले जाते. अंदाजच बांधता येत नसेल, तर आधी फक्त शोध घेण्यासाठी एक दिवस देतो. त्यातून कोड नव्हे, पुढची तिकिटे निघावीत अशी अपेक्षा असते. मात्र तासाभराच्या कामांची वेगवेगळी तिकिटे आम्ही काढत नाही, कारण तिथे कामापेक्षा नोंदी ठेवण्यातच अधिक वेळ जातो.