चाळीस चढवले, तीस सोडले, दहा कुठे गेले?

मेच्या शेवटच्या आठवड्यात ठाण्याच्या जांभळी नाक्याला पाय ठेवायला जागा नसते. वह्या, डबे, छत्र्या, रेनकोट. त्या गर्दीत काकांचं बॅगांचं दुकान आहे आणि त्यांचा हिशेब गेली काही वर्षं मी नौपाड्यातल्या माझ्या ऑफिसातून बघते. रविवारी दुपारी त्यांचा फोन आला, "ताई, गल्ला तर भरतोय, पण उद्या मस्जिद बंदरच्या व्यापाऱ्याचा चेक लागणार आहे आणि तेवढे पैसे खात्यात नाहीत. जरा येऊन जा."

गेले तर दारावर पिवळा फलक होता, 'सरसकट ३० टक्के सूट'. आत गिऱ्हाइकांची झुंबड. काउंटरवरचा मुलगा घामाघूम. काका खुश आणि हैराण, दोन्ही एकदम. मी फलकाकडे बघत विचारलं, "हे कुणी ठरवलं?"

"समोरच्याने २५ लावलेत," काका म्हणाले. "मी मालावर ४० टक्के चढवतो. ३० सोडले तरी १० सुटतात. कमी, पण सुटतात ना."

हे गणित मी इतक्या दुकानांत ऐकलंय की आता पेन आपोआप हातात येतं. चढवलेले चाळीस टक्के खरेदीवरचे आणि सोडलेले तीस टक्के विक्रीवरचे. दोन वेगळ्या रकमांवरचे टक्के एकमेकांतून वजा होत नाहीत. पण हे नुसतं सांगून कुणाला पटत नाही, म्हणून मी सगळ्यात जास्त खपलेली शाळेची बॅग मागवली आणि तिचं खरेदीचं बिल काढायला लावलं.

बिलात भाव ३८८. टेम्पो आणि हमाली वाटून बॅगेमागे १२. म्हणजे बॅग दुकानात ४०० ला पडली. त्यावर ४० टक्के म्हणजे ५६०, वर १८ टक्के जीएसटी, ६६० रुपये ८० पैसे. स्टिकर ६६० चं. सूट वजा जाता गिऱ्हाइकाने दिले ४६२.

"४६२ आले, ४०० ला पडली," काका म्हणाले. "बासष्ट सुटले की."

"त्या ४६२ मध्ये सरकारचा कर आहे, काका. साधारण साडेसत्तर रुपये. तुमच्या हातात राहिले ३९१." खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळते म्हणूनच आपण पडलेल्या किमतीत कर धरत नाही, मग विक्रीतही धरायचा नाही. काकांना हे पटेना. मग मी कर बाजूला ठेवला आणि खिशाचा हिशेब केला. व्यापाऱ्याला करासकट द्यायचे ४५८, हमाली १२. झाले ४७०. बॅग विकली ४६२ ला. काका गप्प झाले. त्यांच्या डोक्यात खरेदीचा भाव म्हणून ३८८ हाच आकडा बसला होता, कारण फोनवर तोच ठरतो.

गल्ला मग भरलेला का दिसत होता? कारण माल उधारीवर आलेला. व्यापाऱ्याचेच पैसे गल्ल्यात होते, आणि त्यातूनच भाडं, पगार आणि घरखर्च चालला होता. चेकची तारीख आली तेव्हा ते उघड झालं. विक्री जितकी जोरात, तितका खड्डा खोल.

नुसत्या मालाच्या किमतीवर बरोबरी साधायची तर ४० टक्के चढवलेल्या मालावर सूट साडेअठ्ठावीस टक्क्यांच्या आसपास संपते. ४० ला १४० ने भागलं की ती मिळते. २५ चढवले असतील तर २५ भागिले १२५, म्हणजे २० टक्के. पण त्या सुटीत भाडं बसत नाही. काकांचा महिन्याचा खर्च काढला: भाडं ४५ हजार, दोन मुलांचे पगार २८ हजार, वीज आणि किरकोळ ७ हजार. एकूण ८० हजार. महिन्याला विकला जाणारा माल खरेदीभावाने साधारण २ लाख ८५ हजारांचा. म्हणजे ४०० च्या बॅगेला २८ टक्के, ११२ रुपये, दुकान चालवायलाच लागतात.

काकांच्या जुन्या लॅपटॉपवर मी तक्ता मांडला. B मध्ये पडलेली किंमत, C मध्ये चढ, D मध्ये विक्री किंमत, E मध्ये तळाची किंमत, F मध्ये सुटीची मर्यादा. खर्चाचे २८ टक्के H1 मध्ये, कारण भाडं वाढलं की एकच आकडा बदलायचा.

```
D2: =ROUND(B2*(1+C2)*1.18,-1)
E2: =B2*(1+$H$1)*1.18
F2: =MAX(0,ROUNDDOWN(1-E2/D2,2))
```

बॅगेची तळाची किंमत आली ६०४ आणि मर्यादा ८ टक्के. काकांनी स्क्रीन स्वतःकडे वळवून घेतली. "आठ?" डब्याच्या पिशवीवर तर शून्य आलं, तिच्यावर ते २५ च चढवत होते, तिथे स्टिकरच्या किमतीतही खर्च पुरता निघत नाही. ते मी तसंच राहू दिलं. त्या पिशवीसाठी बायका दुकानात शिरतात आणि बॅग घेऊन बाहेर पडतात. भाडं प्रत्येक वस्तूवर सारखं वाटणं ही शेवटी सोयच आहे.

"सूट दिली तर खप वाढतो, त्याचं काय?" हा काकांचा प्रश्न रास्त होता. जास्त बॅगा गेल्या तर दर बॅगेवरचं भाडं कमी होतं. पण किती जास्त? पूर्ण भावात एका बॅगेमागे १५९ रुपये सुटतात. १० टक्के सोडले तर १०३, म्हणजे तेवढेच पैसे मिळवायला दहाच्या जागी सोळा बॅगा विकायच्या. २० टक्के सोडले तर राहतात फक्त ४७. मग दहाच्या जागी चौतीस. त्या गर्दीतही दुप्पटच्या वर खप गेला नव्हता, वही बघून काकांनीच सांगितलं.

गेल्या वर्षीच्या कार्टूनच्या बॅगा मात्र मी तक्त्याबाहेर काढल्या. त्या माळ्यावर पडून होत्या, यंदा ती कार्टून कुणी मागत नव्हतं. त्यांना खर्चाचा तळ लावण्यात अर्थ नव्हता. तोट्यात गेल्या तरी अडकलेले पैसे सुटतात, म्हणून '३० टक्के' तेवढ्यांवर ठेवले आणि फलकावरचा 'सरसकट' शब्द काकांनी स्वतः कागद चिकटवून झाकला. चेकचं काही जादूने सुटलं नाही. व्यापाऱ्याला फोन करून त्यांनी आठ दिवस मागून घेतले.

राहिला काउंटर. गिऱ्हाईक "शेवटचं सांगा" म्हणालं की मुलगा काकांकडे बघायचा आणि काका गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे. म्हणून स्टिकरच्या मागे तळाची किंमत लिहायची ठरवली, पुढेमागे एकेक फसवा आकडा घालून. ६०४ साठी ३६०४८. मुलाला दोन मिनिटांत जमलं. शेवटी त्याने विचारलं, "आणि काकांच्या ओळखीचं कुणी आलं तर?"

काका जरा थांबले. "पाण्याची बाटली द्यायची, भेट म्हणून." मग ड्रॉवर उघडून बिलं चाळायला लागले. "ताई, बाटली आपल्याला कितीला पडते ते जरा त्यात टाका."