कुलूपबंद खोलीवर चिकटवलेलं समन्स

मुंबईत भाडेकरूविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा झाला, म्हणजे त्याच्या गैरहजेरीत कोर्टाने दाव्याचा निकाल दिला, की त्याची पहिली बातमी बऱ्याचदा कोर्टाचा बेलिफच घेऊन येतो. हुकूमनाम्याला दोन वर्षं उलटली असतील तर दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागणाऱ्या अर्जात, आधी नोटीस काढावी लागते; त्याच्या आत घरमालक थेट ताब्याचं वॉरंट मागू शकतो. ज्याला समन्सच मिळालं नाही त्याला निकालही कळत नाही, आणि एका सकाळी दारात माणसं उभी राहतात.

पुढे माझ्या पक्षकार झालेल्या एका काकूंच्या दारात अशी माणसं आली तेव्हा काकू घरी नव्हत्या. लालबागच्या चाळीतल्या त्यांच्या खोलीला कुलूप होतं आणि त्या डोंबिवलीला मुलीकडे होत्या. शेजारणीने मुलीला फोन केला, मुलीने मला. मी तिला म्हटलं, रडणं नंतर, आधी शेजारणीला सांगा की वॉरंटचा फोटो काढून पाठवा, दाव्याचा नंबर दिसला पाहिजे. नंबर मिळाला की अर्धं काम होतं. नंबराशिवाय वकील कोर्टात नुसता फिरत राहतो. वॉरंटमध्ये कुलूप तोडण्याचा हुकूम नव्हता, त्यामुळे बेलिफ 'खोली बंद आढळली' असा शेरा मारून परतला. आता घरमालक कुलूप तोडायची परवानगी आणि पोलीस बंदोबस्त मागणार हे ठरलेलं. तो अर्ज कोर्टाच्या बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, यायच्या आत आमचा अर्ज गेला पाहिजे होता.

दुपारी फाइल हातात आली. दावा भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 16(1)(एन) खाली होता. दाव्याच्या तारखेआधी सलग सहा महिने, वाजवी कारणाशिवाय, जागा ज्या कामासाठी दिली त्यासाठी वापरली नाही तर घरमालक ताबा मागू शकतो. काकू बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, ते नीट बसलं नाही म्हणून पुन्हा झालं. चाळीचा जिना लाकडी, खोली दुसऱ्या मजल्यावर, संडास व्हरांड्याच्या टोकाला. त्या मुलीकडे राहिल्या नसत्या तरच नवल. पडल्यानंतर नवव्या महिन्यात दावा लागला.

घरमालकाने दावा लावताना दिलेल्या अर्जीतला एक परिच्छेद मी पुन्हा पुन्हा वाचला. त्यात शपथेवर लिहिलं होतं की प्रतिवादी या खोलीत राहत नाही, खोली कायम बंद असते. आणि वर, पक्षकारांच्या नावांखाली, समन्स बजावायला पत्ता कोणता दिला होता? तोच, बंद खोलीचा. बेलिफ दोनदा गेला, कुलूप पाहिलं, समन्सची प्रत दारावर चिकटवली आणि अहवालात लिहिलं, 'शेजाऱ्यांकडून समजले की प्रतिवादी येथे राहत नाही.' पुढच्या तारखेला रोजनाम्यात 'समन्स बजावले, प्रतिवादी गैरहजर, दावा एकतर्फी चालवावा' अशी ओळ पडली. मग घरमालकाच्या मेहताजीचं शपथपत्र, त्यावर कुणाचा उलटतपास नाही, आणि चार पानी निकाल. त्याच एका कुलपाने दोन कामं केली: काकू राहत नाहीत याचा पुरावा तेच, आणि त्यांना समन्स पोचल्याचा पुरावाही तेच.

इथे एक फरक सांगायला हवा, कारण लोक दोन्हीला 'एकतर्फी' म्हणून मोकळे होतात. 'दावा एकतर्फी चालवावा' हा नुसता हुकूम असतो. तेव्हाच कळलं तर पुढच्या तारखेला हजर व्हायचं, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 9, नियम 7 खाली अर्ज द्यायचा, गैरहजेरीचं योग्य कारण सांगायचं, कोर्ट म्हणेल तो खर्च भरायचा. तो हुकूम रद्द झाला नाही तरी पुढच्या कामकाजात भाग घेता येतो, साक्षीदाराचा उलटतपासही घेता येतो. हुकूमनामा झाला की मात्र तो रद्द करून मागायला त्याच ऑर्डरचा नियम 13, आणि तिथे दोनच दारं आहेत: समन्स रीतसर बजावलं गेलं नव्हतं, किंवा हजर न राहायला पुरेसं कारण होतं. आमच्या कोर्टात या अर्जाला मर्जी अर्ज म्हणतात.

बार रूममधल्या एका ज्येष्ठ मित्राने सल्ला दिला, सरळ अपील कर. अपील करता येतं. पण अपिलात माझ्यापुढे रेकॉर्ड कोणतं? मेहताजीचं शपथपत्र आणि कोऱ्या पाटीसारखा आमचा बचाव. शिवाय अपिलाचा निकाल लागला की नियम 13 चा अर्ज चालतच नाही, अपील मागे घेतलं असेल तर गोष्ट वेगळी. हा सल्ला फार सहज दिला जातो आणि त्यात पक्षकाराचं एक दार बंद होतं, याबद्दल मला राग आहे.

मुदतीचा प्रश्न मुदतीच्या कायद्याच्या अनुच्छेद 123 मध्ये आहे. हुकूमनाम्यापासून 30 दिवस. पण समन्स रीतसर बजावलं नसेल तर हुकूमनामा माहीत झाल्यापासून 30 दिवस. आमचा अर्ज दुसऱ्याच दिवशी तयार झाला, म्हणजे कळल्याच्या तारखेपासून मुदतीतच. तरीही मी विलंबमाफीचा वेगळा अर्ज जोडला. कारण साधं आहे. कोर्टाने उद्या ठरवलं की चिकटवणं ठीक होतं, तर 30 दिवस हुकूमनाम्यापासून मोजले जातील, आणि तेव्हा विलंबमाफीचा अर्ज नसेल तर पुरेसं कारण कितीही खरं असलं तरी ऐकायला कुणी बांधील नाही. तिसरा अर्ज स्थगितीचा. नुसता मर्जी अर्ज दाखल केल्याने वॉरंट थांबत नाही, हे कित्येकांना खोलीचं सामान व्हरांड्यात आल्यावर कळतं.

खरी रात्र गेली ती शपथपत्राच्या एका वाक्यात. माझ्या ज्युनियरने सरळ लिहिलं होतं, 'अर्जदार त्या काळात सदर खोलीत राहत नव्हती, त्यामुळे समन्स मिळाले नाही.' खरं वाक्य, आणि समन्सच्या मुद्द्यावर नेमकं. पण हुकूमनामा रद्द होऊन मूळ दावा परत उभा राहिला की हेच वाक्य घरमालकाचा वकील काकूंसमोर धरणार: तुम्हीच शपथेवर म्हणालात ना, राहत नव्हते म्हणून? जे सांगून हुकूमनामा रद्द करून घ्यायचा, त्याच शब्दांनी दावा हरायचा. अशा दाव्यांत अर्ज जिंकून खटला घालवलेले लोक मी पाहिले आहेत, आणि ते वाक्य लिहिणाऱ्या वकिलांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

म्हणून वाक्य बदललं. काकू उपचारांसाठी तात्पुरत्या मुलीकडे आहेत. खोलीचा ताबा, किल्ली, भांडीकुंडी, कपाट, देव्हारा सगळं तिथेच आहे. विजेचं बिल त्या भरतात. जिना चढता यायला लागला की परत जाणार आहेत. सोबत दोन्ही ऑपरेशनांचे डिस्चार्ज कागद, तारखांसकट. यात एकही गोष्ट फिरवलेली नव्हती. फक्त कायद्यातलं 'वाजवी कारण' पहिल्या दिवसापासून कागदावर होतं, नंतर सुचल्यासारखं नव्हतं.

आणि मग मुलीने एक प्लास्टिकची पिशवी उघडली. पडल्यानंतर काकू भाड्याचा चेक पोस्टाने पाठवत होत्या, सोबत डोंबिवलीचा पत्ता लिहिलेलं पत्र, आणि पोचपावत्यांवर घरमालकाच्या ऑफिसचा शिक्का. त्याहून मोलाचं म्हणजे घरमालकाचं स्वतःचं पत्र, दुरुस्तीच्या वर्गणीबद्दल, डोंबिवलीच्या पत्त्यावर, दावा लागायच्या दोन महिने आधीचं. पैसे मागायला पत्ता माहीत होता आणि समन्स पाठवायला नव्हता. मी मुलीला विचारलं, हे आधी का नाही सांगितलंत? ती म्हणाली, "मॅडम, ते तर वर्गणीचं पत्र आहे, कोर्टाचं थोडंच." पक्षकाराला कागदाची किंमत कळत नाही. म्हणून मी कोणता कागद आहे असं विचारत नाही, घरातले सगळे कागद घेऊन या म्हणते.

स्थगिती पहिल्याच दिवशी मिळाली, मूळ अर्जाला मात्र वेळ लागला. नियम 14 प्रमाणे समोरच्याला नोटीस दिल्याशिवाय हुकूमनामा रद्द करता येत नाही. सुनावणीत मुलीचा उलटतपास झाला. शांत आवाजात प्रश्न आला: दारावर कागद लागलाय असं तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? माझ्या पोटात गोळा आला. ती म्हणाली, "हो, शेजारच्या ताई म्हणाल्या होत्या, रिपेअर बोर्डाची काहीतरी नोटीस लागलीय."

समोरच्या वकिलाने लगेच नियम 13 चं परंतुक काढलं. बजावणीत नुसती अनियमितता आहे एवढ्यावर हुकूमनामा रद्द करता येत नाही, प्रतिवादीला तारीख माहीत होती आणि यायला पुरेसा वेळ होता असं दिसलं तर. मी त्यातल्या 'तारीख' शब्दावरच उभी राहिले. दारावर काहीतरी कागद आहे हे कळणं वेगळं आणि अमुक कोर्टात अमुक तारखेला सुनावणी आहे हे कळणं वेगळं. शिवाय ही नुसती अनियमितता नव्हती. चिकटवण्याआधी वाजवी शोध घ्यावा लागतो, आणि घर कुणी दाखवलं, कुणासमोर प्रत लावली त्यांची नावं अहवालात यावी लागतात. इथे 'शेजारी' एवढाच शब्द. पण कोर्टाला पटलं ते वर्गणीचं पत्र. न्यायाधीशांनी ते हातात घेऊन पाकिटावरचा पत्ता आणि अर्जीवरचा पत्ता शेजारी शेजारी ठेवून पाहिले.

हुकूमनामा रद्द झाला. अटी होत्या: खर्च भरायचा, थकीत म्हटलेलं भाडं कोर्टात जमा करायचं, 30 दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची. कैफियत मी मुदत संपायच्या बरीच आधी दिली. एकदा एकतर्फी गेलेल्या पक्षकाराची दुसरी दिरंगाई कुणी समजून घेत नाही.

दावा आता परत सुरू आहे. काकूंच्या साक्षीत समोरच्या वकिलाने अपेक्षेप्रमाणे मर्जी अर्जाचं शपथपत्रच पुढे केलं आणि विचारलं, नऊ महिन्यांत एक रात्र तरी तुम्ही खोलीत झोपलात का? काकू म्हणाल्या, "नाही. पाय टाकता येत नव्हता." उत्तर तसंच लिहून घेतलं गेलं. मला वाटतं यापेक्षा बरं उत्तर मी शिकवू शकले नसते, आणि शिकवलंही नव्हतं. पण सहा महिन्यांची अट त्या 'नाही'ने पूर्ण झाली, आता सगळा भार 'वाजवी कारणा'वर आहे. डॉक्टर म्हणू शकतात की पहिले पाच महिने चालणं अशक्य होतं. दुसऱ्या ऑपरेशनच्या आधी मधले काही आठवडे काठी धरून चालत होत्या, तसं त्यांच्या केस पेपरवर लिहिलेलं आहे. त्या आठवड्यांत दोन मजले चढता आले असते का, हे डॉक्टरांना विचारायचं की समोरच्याला विचारू द्यायचं, ते मी अजून ठरवलेलं नाही. पुढची तारीख डॉक्टरांच्या साक्षीची आहे.