तुम्ही विचारलंत म्हणून: पुसलेल्या चॅटमधला आवाज

"चॅट डिलीट झालं, पण आईच्या व्हॉइस नोट आणि फोटो फोनमध्ये कुठेतरी राहिले असतील का?"

राहिलेले असू शकतात. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये संदेशांची नोंद अ‍ॅपच्या आतल्या डेटाबेसमध्ये असते, तर फोटो आणि आवाज स्वतंत्र फाइल म्हणून बाहेरच्या फोल्डरमध्ये साठवलेले असतात. चॅट पुसताना फोन विचारतो की त्यातली मीडियाही काढून टाकायची का. त्या चौकटीतली खूण आपण काढली असेल, तर नोंद जाते आणि फाइल बहुधा जागेवरच राहते. खूण तशीच ठेवली असेल किंवा पाठवणाऱ्याने तो संदेश सर्वांसाठी पुसला असेल, तर मात्र फारशी आशा धरू नये.

सोलापूरच्या नवी पेठेतल्या माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेल्या वर्षी एक ताई आल्या होत्या. फोन भरला म्हणून त्यांनी जुनी चॅट पुसली, त्यात वारलेल्या आईचीही गेली. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, 14 जानेवारी 2024 रोजी, आईने शेंगांच्या चटणीत लसूण किती घालायचा हे बोलून पाठवले होते, एवढे त्यांना पक्के आठवत होते. त्यांचा फोन अँड्रॉइडचा होता. आयफोनमध्ये हे फोल्डर असे उघडून पाहता येत नाहीत. फाइल मॅनेजरमध्ये आम्ही या जागी गेलो:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Voice Notes
```

जुन्या फोनमध्ये हेच फोल्डर थेट `WhatsApp/Media` खाली असते. आत `202402`, `202403` अशी नावे दिसतात, आणि इथेच बरेच जण फसतात, कारण शेवटचे दोन आकडे त्यांना महिन्याचे वाटतात. ते वर्षातल्या आठवड्याचे असतात. ताईंनीही आधी `202401` उघडले आणि तिथे काही नाही म्हणून त्यांचा चेहरा उतरला. 14 जानेवारी सोमवारपासून मोजल्यास दुसऱ्या आठवड्यात येते. पण त्या दिवशी रविवार होता, आणि आठवडा रविवारी सुरू होतो असे धरले तर तिसऱ्यात. म्हणून मी नेहमी मागचे-पुढचे फोल्डरही उघडतो. आम्हाला हवे ते `202403` मध्ये निघाले.

त्यात 31 फाइल होत्या आणि नावे सगळी `PTT-20240114-WA0007.opus` या धाटणीची. मधला आकडा तारखेचा, शेवटचा त्या दिवसातल्या क्रमाचा. कोणी पाठवले ते नावात कुठेच नसते. शिवाय आलेल्या आणि आपण पाठवलेल्या व्हॉइस नोट एकाच फोल्डरमध्ये पडतात, त्यामुळे ताईंना निम्मा वेळ स्वतःचाच आवाज ऐकावा लागला. आकारावरून थोडी चाळणी करता येते, कारण मिनिटभराची नोट साधारण शंभर-दीडशे केबी भरते. आईची नोट 41 सेकंदांची होती. "लसूण सोलून घे, ठेचून नको," एवढे ऐकून ताईंनी फोन माझ्या हातात दिला आणि रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

फाइल सापडली की ती लगेच संगणकावर आणि पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावी. नावही बदलू नये, कारण फाइल हलवल्यावर तिच्या गुणधर्मांतली तारीख बदलू शकते, नावातली टिकते. नेहमीच्या प्लेअरला `.opus` कळले नाही तर व्हीएलसीमध्ये ते वाजते. या फोल्डरमध्ये `.nomedia` नावाची फाइल असल्याने या नोट गॅलरीत किंवा गाण्यांच्या यादीत आपोआप दिसत नाहीत, आणि म्हणूनच "सगळा फोन पाहिला, काही नाही" असे लोक म्हणतात.

फोटोंचे मात्र वेगळे झाले. आईचा नऊवारीतला फोटो ताईंनी गॅलरीतूनही पुसला होता, आणि तिथल्या कचरापेटीची मुदत उलटून गेली होती. अशा वेळी लोक रिकव्हरीची अ‍ॅप टाकतात; ती कॅशेमध्ये, म्हणजे फोनच्या तात्पुरत्या साठ्यात, उरलेल्या लहान प्रतिमाच पुष्कळदा 'सापडल्या' म्हणून दाखवतात आणि मूळ फोटोसाठी पैसे मागतात. आजच्या फोनमध्ये साठा सांकेतिक रूपात असतो आणि पुसलेली जागा फोन स्वतःच रिकामी करत जातो, त्यामुळे खरोखर पुसलेली फाइल परत येणे जवळपास अशक्य असते. अ‍ॅपची आतली कॅशेही फोन रूट केल्याशिवाय, म्हणजे त्याच्या प्रणालीवर पूर्ण ताबा मिळवल्याशिवाय, उघडत नाही, आणि रूट करायला जावे तर बहुतेक फोनमध्ये आधी सगळा डेटा पुसला जातो.

कोणी जोडीदाराचा फोन घेऊन हेच करून मागितले, तर मी सरळ नाही म्हणतो.

ताईंच्या फोनमध्ये `DCIM/.thumbnails` या लपलेल्या फोल्डरमध्ये त्या फोटोची एक छोटी प्रत तेवढी उरली होती, 384 बाय 512 पिक्सेलची. त्यांना भिंतीवर लावायला फ्रेम हवी होती. छापील दर्जाने ती जेमतेम साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटर होते, म्हणजे पासपोर्ट फोटोएवढी. तेवढीच काढून दिली.