वार खरा की तारीख?

आज सोसायटीच्या ग्रुपवर मराठी भाषा गौरव दिनाच्या काव्यवाचनाचं पोस्टर आलं. त्यावर 'रविवार, 27 फेब्रुवारी 2026'. त्या दिवशी तर शुक्रवार येतो! पण चूक वाराची की तारखेची, हे आयोजकच सांगू शकतात. म्हणून चारचौघांत न लिहिता काकांना वेगळा मेसेज केला: "काका, पोस्टर छान झालंय. 27 ला शुक्रवार येतोय. कार्यक्रम शुक्रवारीच ना, की रविवारी, 1 मार्चला?"

रविवारच ठरला होता. काकांनी लगेच जुनं पोस्टर काढून नवं टाकलं. पण जुनं तोवर शेजारच्या सोसायटीत पोचलेलं. तिथे मी काकांना विचारून एवढंच लिहिलं: "सुधारित वेळ: रविवार, 1 मार्च, सायंकाळी 6, क्लब हाऊस." लोकांना पुढे पाठवायला तेवढी ओळ पुरते.