आमची वाटचाल : काजूच्या आधी सिबिल

वेंगुर्ल्यात काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना टाकायचा ठरवलं, तेव्हा तारणाला द्यायला आमच्याकडे काहीच नव्हतं. कलमं होती, घर होतं, पण सातबाऱ्यावर चौदा नावं. त्यातले निम्मे मुंबईला. त्यामुळे विनातारण आठ लाखांचा अर्ज केला. सूक्ष्म उद्योगाच्या एवढ्या कर्जाला बँक तारण मागत नाही. सीजीटीएमएसई या छोट्या उद्योगांच्या कर्जांसाठीच्या सरकारी हमी निधीची हमी मिळते, यंत्रं तेवढी बँकेकडे नजरगहाण राहतात. ही हमी असते बँकेसाठी. हप्ते थकले तर आपली सुटका नाही, हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं.

मॅनेजरसाहेबांनी प्रकल्प अहवाल बाजूला ठेवला आणि माझा पॅन नंबर टाकून सिबिलचा, म्हणजे माझ्या आजवरच्या कर्जफेडीचा, अहवाल काढला. “अहो, तुमच्या धंद्याला ताळेबंदच नाही अजून. मग बघायचं कोणाकडे? तुमच्याकडेच.” एकमालकी धंद्यात मालकाचा पॅन तोच धंद्याचा.

स्कोअर ६४८. पण त्यांचं बोट स्कोअरवर नव्हतं, एका जुन्या क्रेडिट कार्डापुढच्या ‘सेटल्ड’ या शब्दावर होतं. मुंबईची नोकरी सुटली तेव्हा कार्डाचे ४१ हजार थकले होते. वसुलीवाल्याने १८ हजारांत मिटवून दिलं आणि मी सुटकेचा श्वास टाकला. पण बँकेच्या लेखी ते मिटलं नव्हतं, उरलेले २३ हजार तिने सोडून दिले होते. पूर्ण फेडलेल्या खात्यापुढे ‘क्लोज्ड’ लागतं. खाली महिन्यांचे चौकोन होते. वेळेवर भरलेल्या महिन्यात ०००, माझ्याकडे ओळीने ३०, ६०, ९०. म्हणजे तितके दिवस उशीर.

नकार मिळाल्यावर मी आणखी शहाणपणा केला. पंधरा दिवसांत तीन ठिकाणी अर्ज टाकले. प्रत्येकाची चौकशी अहवालात नोंदली गेली आणि स्कोअर आणखी घसरला.

आई म्हणाली, “अठरा हजारात मिटला म्हणालंस ना रे?” काय सांगणार!

शेवटी जानेवारीत कार्डाच्या बँकेला लिहिलं, उरलेले २३ हजार भरले आणि थकबाकी नसल्याचं पत्र घेतलं. दीड महिना गेला तरी अहवाल तसाच. मग पत्र जोडून सिबिलच्या साइटवर हरकत नोंदवली; अशा तक्रारीला तीस दिवसांची मुदत असते. मार्चअखेर ‘क्लोज्ड’ झालं. ३०-६०-९० मात्र तसेच राहिले, कारण ते खरे होते.

मॅनेजरसाहेबांनी त्यानंतरचे सलग ००० पाहिले, नोकरी सुटल्याचं पत्र फाईलला लावून घेतलं आणि आठऐवजी सहा लाख मंजूर केले. पैसे जूनमध्ये हातात आले. तोवर काजूचा हंगाम आटोपला होता. पहिल्या वर्षीची बी व्यापाऱ्याकडून, तो सांगेल त्या दराने घ्यावी लागली.