नोंद १७ : चौदा कोरडे फटके

मागच्या नोंदीत म्हणालो होतो की यावेळी नकाशाच्या पाण्याचं काम दाखवतो. पाणी तसंच पडून आहे. सगळा पंधरवडा क्रिटने, म्हणजे मधूनच पडणाऱ्या जास्त जोराच्या फटक्याने, खाल्ला.

झालं असं. भाचा सुट्टीत आलाय. नागपूरचं मे महिन्याचं ऊन, दुपारी घराबाहेर पडायची सोय नाही, कूलरसमोर बसून तो माझा गेम खेळत होता. अर्ध्या तासात ओरडला, "मामा, तुमचा गेम चीटिंग करून राहिला! २५ टक्के लिहिलं आहे अन् चौदा वेळा मारलं तरी एक क्रिट नाही." मी म्हटलं, दाखव. लॉग उघडला. खरंच चौदा. भाल्याचे लागोपाठ चौदा कोरडे फटके.

मग मीही घाबरलो. दोन रात्री randf() वर, म्हणजे ० ते १ मधला यादृच्छिक आकडा देणाऱ्या फंक्शनवर, संशय घेण्यात गेल्या. गोडो ४ या गेम इंजिनमध्ये त्या आकड्यांचं सीड दर वेळी आपोआप बदलतं, त्यामुळे randomize() विसरल्याचा तो जुना घोळ असणं शक्य नव्हतं, तरी टाकून पाहिलं. शेवटी एक लाख फटके नुसते मोजले. क्रिट आले २५,०८३. म्हणजे यंत्र ठीक. पण त्याच लाखात सगळ्यात लांब कोरडी रांग निघाली ३४ फटक्यांची, आणि तिथे माझी ट्यूब पेटली.

भाच्याने त्या दुपारी एकूण २१२ फटके मारले होते, त्यात ४९ क्रिट. २५ टक्क्यांनी ५३ यायला हवे होते, चार कमी. या आकड्यात तक्रारीला जागाच नाही. आणि कोरडी रांग? एखाद्या ठिकाणापासून पुढचे आठ फटके कोरडे जाण्याची शक्यता ०.७५ चा आठवा घात, म्हणजे १० टक्के. चौदांची पावणेदोन टक्के. वाचायला दुर्मीळ वाटतं, पण दोनशे फटक्यांमध्ये अशी रांग सुरू व्हायला पन्नासेक जागा असतात, कारण प्रत्येक क्रिटनंतर नवी रांग सुरू होते. तेवढ्यात सगळ्यात लांब रांग तेरा-चौदाच्या आसपास जाणं हेच नेहमीचं. पोराच्या डोक्यात मात्र "२५ टक्के" याचा अर्थ "चार फटक्यांत एक" असा पक्का बसलेला. दर चारात एक असं शिस्तीत आलं असतं तर त्याला ते योगायोगाचं वाटलं असतं. खरा योगायोग त्याला चीटिंग वाटतो.

दुसरी तक्रार रानकुत्र्यांची : "त्यांचे क्रिट जास्त पडतात." त्यांचाही आकडा २५च आहे. पण पेंचच्या टप्प्यात ते तिघं मिळून येतात. एका फेरीत आपण एकदा मारतो, ते तीनदा. तिघांपैकी निदान एकाचा क्रिट पडण्याची शक्यता जवळपास ५८ टक्के. वर त्यांच्या क्रिटला मी पडदा हलवतो आणि तो कडाड आवाज लावलाय, आपल्या क्रिटला नुसता पिवळा आकडा. आठवणार काय? पडदा हलवणं आता दोन्हीकडे सारखं केलं. पाच मिनिटांचं काम, पण ती तक्रार जवळपास मिटली.

कोरड्या रांगांवर तोडगा जुनाच आहे, वॉरक्राफ्ट ३ आणि डोटा २ वाला. प्रत्येक कोरड्या फटक्यागणिक पुढची शक्यता वाढवत न्यायची, क्रिट पडला की पहिल्या पायरीवर. शक्यता C × n, n म्हणजे शेवटच्या क्रिटनंतरचा कितवा फटका. मी यासाठी एक विकतचं प्लगइन घेतलं होतं. त्याच्या माहितीत लिहिलेलं की C च्या जागी हवी ती टक्केवारी थेट द्या. दिली, ०.२५. आता गंमत बघा : पहिला फटका २५, दुसरा ५०, तिसरा ७५, चौथा शंभर टक्के. सरासरी २.२ फटक्यांना एक क्रिट, म्हणजे प्रत्यक्षात ४५ टक्के. पहिला रानकुत्रा-सरदार तीन फेऱ्यांत आडवा झाला तेव्हा मला कळलं. पण त्याआधी भाचा काय म्हणाला? "आता कसं, बरोबर २५ वाटून राहिलं." पंचेचाळीस टक्के त्याला पंचवीस वाटले! प्लगइन काढून टाकलं. जे दहा ओळींत होतं त्याला पैसे कशाला द्यायचे :

```
var c := 0.0847
var n := 1

func crit() -> bool:
    if randf() < c * n:
        n = 1
        return true
    n += 1
    return false
```

०.०८४७ ने सरासरी बरोबर चार फटक्यांना एक पडते. आठ कोरडे जाण्याची शक्यता १० वरून १.४ टक्क्यांवर आली आणि बाराव्या फटक्याला क्रिट पडतोच. त्या रात्री बारा वाजता एकट्याने तर्री पोहे करून खाल्ले.

काही जण म्हणतील, फायर एम्ब्लेमसारखं दोन आकड्यांची सरासरी घे, सोपं आहे. त्यात पडद्यावर ९० लिहिलं असलं तर नेम खरा लागतो ९८.१ टक्के वेळा. खेळाडू खूश राहतो, मान्य. पण ते आकडाच खोटा दाखवणं झालं, आणि मला पडद्यावरचा २५ खरा हवा.

आनंद दोन दिवस टिकला. भाच्याने शोधून काढलं की वारुळावर भाला मारत बसलं की n वाढतो. लागोपाठ पाच-सहा कोरडे गेले की सरदाराकडे जायचं, पहिलाच फटका बहुतेक क्रिट! वारूळ मोजणीतून काढलं, तर तो अधमेल्या सशावर तेच करू लागला. चिडून मी दर झुंजीच्या सुरुवातीला n = 1 केलं. चूक. माझ्या झुंजी पाच-सहा फटक्यांत संपतात, आणि दरवेळी ८.५ टक्क्यांपासून सुरुवात म्हटल्यावर पाच फटक्यांच्या झुंजीत हिशेब २५ चा २० टक्क्यांवर येतो. म्हणजे यावेळी चीटिंग खरंच मी करत होतो.

या नोंदीत "n खेळाडूबरोबर ठेवतो, सशाचं बघून घेऊ" असं लिहायला बसलो होतो. पण वरचा परिच्छेद लिहितानाच सुचलं : झुंज सुरू होताना crit() पडद्याआड तीसेक वेळा चालवायचं, निकाल फेकून द्यायचा. n कुठल्या तरी मधल्या पायरीवर पोचलेला असेल, कुठे ते कोणालाच माहीत नाही. आधीचा साठा निरुपयोगी, आणि पहिल्या फटक्यापासून सरासरी २५च. आत्ता लावून पाहिलं, पाच-पाच फटक्यांच्या वीस हजार झुंजी : २४.९.

एक खंत राहते. क्रिटच्या पाठोपाठ लगेच दुसरा क्रिट आता शंभरात आठ-नऊ वेळाच पडतो, आधी पंचवीस वेळा पडायचा. ती सलग दोन-तीन क्रिटची मजा गेली. मोरपिसाच्या २ टक्के ड्रॉपला मात्र हे लावायलाच हवं, तिथे पन्नास वेळा शिकार करूनही शंभरातले ३६ जण रिकाम्या हाती राहतात.

भालेवाल्याला नवी पद्धत, कुऱ्हाडवाल्याला साधा randf() असं करून बघावं का? दोन्हींवर २५च लिहीन. रविवारी भाच्याला कुऱ्हाड देतो, काही न सांगता.