मामाच्या कर्जाचं पत्र मराठीत उतरवताना

दारव्ह्याजवळच्या गावाहून मामाने व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. दोन म्हशींसाठी एक फायनान्स कंपनी दोन लाख द्यायला तयार होती, तीन वर्षांसाठी. पत्र सगळं इंग्रजीत. फोनवर मामा म्हणाला, "मराठीत लिहून दे बावा. थो कंपनीचा पोरगा बारा टक्के म्हणते."

फोटोत बारा टक्के दिसत होते, पण त्यापुढचा शब्द कागदाच्या घडीत गेला होता. मी म्हटलं, "मामा, कागद उन्हात खाटेवर पसरा, कोपऱ्यांवर गोटे ठेवा अन् एकेका पानाचा वेगळा फोटो काढा." दुसऱ्या फोटोत घडीतला शब्द निघाला: 'फ्लॅट'.

त्याला मराठीत एक शब्द सापडेना, म्हणून सरळ लिहिलं: 'हप्ते भरून मुद्दल कमी झाली तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण दोन लाखांवरच.' म्हणजे वर्षाला २४ हजार, तीन वर्षांचे ७२ हजार, हप्ता ७,५५६. हेच बारा टक्के घटत्या शिलकीवर असते, तर हप्ता ६,६४३ आणि एकूण व्याज ३९ हजारांच्या आसपास. उलट्या हिशेबाने पाहिलं तर हे फ्लॅट बारा घटत्या शिलकीवरच्या साधारण २१ टक्क्यांएवढे पडतात.

प्रोसेसिंग फी दोन टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी. हे ४,७२० रुपये आधीच कापणार. हातात १,९५,२८०, व्याज मात्र पूर्ण दोन लाखांवर.

मामाचा बेत होता की कापूस विकला की कर्ज फेडून मोकळं व्हायचं. पण सहा हप्त्यांच्या आत फेडताच येणार नव्हतं, आणि नंतर फेडलं तरी उरलेल्या मुद्दलीवर चार टक्के आकार.

सर्वात जास्त वेळ गेला 'डिफॉल्ट'च्या कलमावर. आधी मी 'हप्ता थकल्यास' असं लिहून मोकळा झालो होतो. पुन्हा वाचलं तेव्हा चूक कळली. पत्राप्रमाणे दुसऱ्या कुठल्याही बँकेचं कर्ज थकलं, तरी तो इथला डिफॉल्ट. मग कंपनी उरलेली सगळी रक्कम एकदम मागू शकते. मामाचं सोसायटीचं पीककर्ज थकीतच होतं. म्हणजे सही करतानाच कलम लागू! ती ओळ मी लाल शाईने लिहिली.

शिवाय मामाला सांगितलं, त्या पोराकडे 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या मुख्य बाबींचा कागद, मागा, मराठीत. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने अशा नव्या कर्जाला ते द्यावंच लागतं, कर्जदाराला समजेल अशा भाषेत. त्यात फीसकट पडणारा वार्षिक दर, म्हणजे एपीआर, असतो.

चार दिवसांनी तो कागद आला. एपीआर जवळजवळ २३ टक्के.

मामाने फोन केला. "काऊन रे, बाराचे तेवीस झाले ना?"

"झाले."

"मग एकच म्हैस घेतो. घरच्या पैशातून."